पैसा उतरला कुठे? (पुण्यातले दोन खटले आणि एक कायदा)

मंडळी, आयटीत काम करणाऱ्या पुणेकराला आयटी कायदा माहीत असतोच असं नाही. आपल्यापैकी बहुतेकांना त्यातलं एकच कलम ऐकून माहीत असतं, ते म्हणजे ६६ए. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या पोस्टमुळे अटक झाली, गदारोळ झाला आणि मार्च २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. ते प्रकरण महत्त्वाचं होतंच, पण खात्यातून चार लाख गेलेल्या माणसाला त्याचा काही उपयोग नाही. त्याला लागणारी कलमं वेगळी आहेत आणि त्यांचा इतिहास बराचसा आपल्या पुण्यातून जातो. आज त्याबद्दल.

सुरुवात २००५ पासून करू. त्या वर्षी एप्रिलमध्ये पुणे पोलिसांनी एमफॅसिस कंपनीच्या एमसोर्स या बीपीओतल्या काही माजी कर्मचाऱ्यांना आणि त्यांच्या साथीदारांना पकडलं. हे कॉल सेंटर सिटीबँकेच्या अमेरिकन ग्राहकांचे फोन घ्यायचं. फोनवर गोड बोलून, मदत करतोय असं भासवून या मुलांनी काही ग्राहकांचे पिन काढून घेतले आणि त्या पिनच्या जोरावर त्यांच्या खात्यांतून पैसे वळवले. तेव्हाच्या बातम्यांमध्ये आकडा साधारण साडेतीन लाख डॉलर, म्हणजे त्या वेळचे दीड कोटी रुपये, असा होता. कॉल सेंटरमध्ये आत-बाहेर जाताना झडती व्हायची, कागदावर काही लिहून नेता येत नसे. म्हणजे आकडे पाठ करून बाहेर आणले असणार आणि सायबर कॅफेत बसून वापरले असणार, असं तेव्हा सांगितलं गेलं.

यात लक्षात घ्या, हॅकिंग कुठेच नाही. एकही सर्व्हर फोडला नाही, एकही पासवर्ड क्रॅक केला नाही. खातेदाराने स्वतःच्या तोंडाने पिन सांगितला आणि सिस्टीमच्या दृष्टीने बरोबर माणूस बरोबर पिन टाकून आत आला. लॉग बघितले तर सगळं स्वच्छ. (आपण लोक "युजरने स्वतःच ओटीपी दिला" म्हणून तिकीट बंद करतो, ते हेच.)

मग सापडले कसे? पैसा उतरला तिथे सापडले. खोट्या नावांनी खाती उघडली होती, पण उघडली होती पुण्यातच. न्यूयॉर्कच्या ग्राहकाने तक्रार केली की माझे पैसे पुण्याच्या खात्यात गेले, आणि पोलिसांना कुठे जाऊन बसायचं ते कळलं. पैसे आले का बघायला, काढायला कोणीतरी बँकेत येणारच. आले, आणि पकडले गेले.

ही गोष्ट मी मुद्दाम लांबवून सांगतोय, कारण पुढे जे काही येतं, कायदा असो की तक्रार, ते या एकाच ठिकाणी येऊन टेकतं. चोर कोण आहे हे बहुधा कळत नाही. चोराने पैसा कुठे उतरवला हे मात्र जवळजवळ नेहमी कळतं.

आता त्या वेळचा कायदा काय होता ते बघू. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० ला लागू झाला. मुळात तो ई-कॉमर्ससाठी होता, म्हणजे डिजिटल सही, इलेक्ट्रॉनिक कागदपत्रांना मान्यता वगैरे. गुन्ह्यांचं प्रकरण त्यात होतं, पण त्यातलं आपल्या कामाचं कलम ६६ हे 'हॅकिंग'चं होतं. कॉम्प्युटरमधली माहिती नष्ट केली, पुसली, बदलली किंवा तिची किंमत कमी केली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्याचा पिन वापरणं हा स्वतंत्र गुन्हा म्हणून कुठेच लिहिलेला नव्हता. परवानगीशिवाय कॉम्प्युटरमध्ये शिरणं हे कलम ४३ मध्ये होतं, पण ते गुन्ह्याचं कलम नाही, भरपाईचं आहे. तुरुंग नाही, फक्त नुकसान भरून द्यायचं. आणि तपास कोणी करायचा? डेप्युटी एसपी किंवा त्याच्या वरच्या अधिकाऱ्यानेच. म्हणजे शहरात एसीपी. एका शहरात असे अधिकारी किती आणि त्यातल्या कितींना आयपी अॅड्रेसचा तपास करायला वेळ असणार, हिशोब तुम्हीच करा.

एमफॅसिस प्रकरणानंतर आउटसोर्सिंगच्या धंद्याचं धाबं दणाणलं. अमेरिकेतल्या ग्राहकाचा डेटा भारतात सुरक्षित आहे का, हा प्रश्न उघड विचारला जाऊ लागला. कायदा बदलायला हे एकच कारण झालं असं नाही, आणखीही प्रकरणं होती. पण डिसेंबर २००८ मध्ये संसदेने दुरुस्ती मंजूर केली आणि ती २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली, तेव्हा तिच्यात या प्रकरणातल्या जवळजवळ प्रत्येक भोकावर ठिगळ होतं.

'हॅकिंग' हा शब्द गेला. नव्या कलम ६६ ने सरळ सांगितलं की कलम ४३ मधलं काहीही अप्रामाणिकपणे किंवा फसवण्याच्या हेतूने केलं तर तो गुन्हा, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ६६सी आलं: दुसऱ्याचा पासवर्ड, इलेक्ट्रॉनिक सही किंवा ओळखीची अशी कुठलीही खूण फसवण्यासाठी वापरणं. पिन यातच आला. ६६डी आलं: फोन किंवा कॉम्प्युटर वापरून आपण दुसराच कोणी आहोत असं भासवून फसवणूक करणं. या दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. तपास इन्स्पेक्टरकडे आला, म्हणजे प्रत्येक पोलीस ठाण्यात तो करणारा माणूस निदान कागदावर तरी असतो.

इथे एक गोष्ट लोकांना माहीत नसते आणि नंतर फार राग येतो. आयटी कायद्याखालचे तीन वर्षांपर्यंत शिक्षेचे गुन्हे जामीनपात्र आहेत. ते कलम ७७बी मध्ये लिहिलंय. "अरे, पकडला आणि लगेच सुटला!" याचं कारण भ्रष्टाचारच असेल असं नाही, कायदाच तसा आहे. म्हणून पोलीस सहसा सोबत फसवणुकीचं सर्वसाधारण कलम लावतात. पूर्वी ते भारतीय दंड संहितेचं ४२० होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३१८(४) आहे. त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि ते अजामीनपात्र आहे. तुमच्या एफआयआरमध्ये ते आहे का हे बघून घ्या.

पण मंडळी, चोराला तीन वर्षं झाली काय किंवा सात, तुमचे पैसे त्याने परत येत नाहीत. त्यासाठी कायद्यात दुसरं दार आहे आणि ते उघडलेलं दाखवणारा खटलाही पुण्याचाच आहे.

पूना ऑटो अॅन्सिलरीज ही पुण्यातली कंपनी. २०१० मध्ये कंपनीच्या बड्या अधिकाऱ्याने एका फिशिंग मेलला उत्तर दिलं आणि पंजाब नॅशनल बँकेतल्या कंपनीच्या खात्यातून ८० लाख १० हजार रुपये वेगवेगळ्या खात्यांत निघून गेले. कंपनीने पोलिसांवर थांबून न राहता आयटी कायद्याच्या कलम ४६ खाली अर्ज केला. हे कलम म्हणजे कलम ४३ आणि ४३ए च्या भरपाईचे दावे ऐकणारा अधिकारी, ज्याला अॅडज्युडिकेटिंग ऑफिसर म्हणतात. मार्च २००३ च्या आदेशाने प्रत्येक राज्याच्या आयटी खात्याच्या सचिवाला हे काम दिलेलं आहे. म्हणजे आपल्यासाठी पत्ता मंत्रालय, मुंबई. पाच कोटींपर्यंतचे दावे त्याच्याकडे, त्याच्यावरचे दिवाणी कोर्टात.

महाराष्ट्राचे तेव्हाचे आयटी सचिव राजेश अगरवाल यांनी फेब्रुवारी २०१३ मध्ये निकाल दिला: बँकेने कंपनीला ४५ लाख द्यावेत. पूर्ण ८० का नाहीत? कारण मेलला उत्तर देऊन तक्रारदारानेही चूक केली होती, तेव्हा नुकसानाचा काही भाग त्याचा. आणि बँकेने काहीही का द्यावं? कारण पैसा ज्या खात्यांत उतरला ती फसवणुकीसाठीच उघडलेली होती, आणि अशी खाती उघडताना, त्यांत पैसे जाताना जी तपासणी बँकेने करायची ती केलेली नव्हती. परत तेच! पैसा उतरला कुठे. पासवर्ड तुम्ही दिला हे खरं, पण खोट्या माणसाला खातं तुम्ही उघडून दिलं, असा हा सरळ हिशोब आहे.

मला हा निकाल फार आवडतो, कारण त्यात "युजरची चूक" इथे विषय संपत नाही. चूक कोणाची किती, अशी वाटणी होते. आपल्याकडच्या कुठल्याही पोस्टमॉर्टेम मीटिंगमध्ये इतकं प्रामाणिक मूल्यमापन होत नाही. :) असो.

या दाराची दुसरी बाजूही सांगायला हवी. या अधिकाऱ्याविरुद्ध अपील दिल्लीच्या सायबर अपील न्यायाधिकरणाकडे व्हायचं आणि जून २०११ नंतर तिथे अध्यक्षच नव्हता. निकाल लागायचे, अपील दाखल व्हायचं आणि पुढे काहीच हलायचं नाही. २०१७ मध्ये ते न्यायाधिकरण बंद करून काम दूरसंचार क्षेत्राच्या टीडीसॅट या न्यायाधिकरणाकडे दिलं, तेव्हा गाडी पुन्हा सुरू झाली. अपिलाची मुदत ४५ दिवस.

आता हे सगळं आजच्या तक्रारीत कसं येतं ते एका काल्पनिक उदाहरणावरून बघू. समजा, कोथरूडमध्ये मयूर कॉलनीत राहणारे एक निवृत्त काका. त्यांना मेसेज आला की मागचं वीजबिल अपडेट झालं नाही, आज रात्री साडेनऊला कनेक्शन कापणार, या नंबरवर बोला. काकांनी फोन केला, समोरच्याने एक अॅप टाकायला लावलं, त्यातून फोनची स्क्रीन त्याला दिसू लागली आणि दहा रुपये भरण्याच्या निमित्ताने नेटबँकिंगचा पासवर्ड आणि ओटीपी त्याने वाचले. दीड लाख, दीड लाख आणि एक लाख असे तीन व्यवहार झाले. चार लाख गेले. वेळ रात्री सव्वाआठ.

पहिलं काम पोलीस ठाण्यात धावण्याचं नाही. पहिलं काम फोन विमान मोडवर टाकून दुसऱ्या फोनवरून १९३० लावण्याचं. या हेल्पलाइनमागे सगळ्या बँकांना जोडणारी यंत्रणा आहे. तुम्ही सांगायचं: तुमची बँक आणि खाते क्रमांक, प्रत्येक व्यवहाराची रक्कम, वेळ आणि यूटीआर क्रमांक. हा यूटीआर बँकेच्या मेसेजमध्ये असतो आणि तो नसेल तर ऑपरेटर फार काही करू शकत नाही. तो क्रमांक यंत्रणेत गेला की पैसा ज्या बँकेत उतरला तिला सूचना जाते. पैसा अजून तिथेच असेल तर ती बँक तेवढी रक्कम रोखून धरते. पुढे गेला असेल तर पुढच्या बँकेचं नाव कळवते, आणि सूचना तिकडे जाते. म्हणजे ही शुद्ध शर्यत आहे. पहिल्या खात्यातून पैसे पाच-सहा खात्यांत फुटतात आणि तिथून एटीएममधून नोटा होऊन बाहेर पडतात. एकदा नोटा झाल्या की यंत्रणा संपली. काकांच्या बाबतीत समजा १ लाख ६० हजार अडवले गेले, २ लाख ४० हजार गेले.

दुसरं काम, त्याच रात्री स्वतःच्या बँकेला लेखी कळवणं, आणि ई-मेलने, म्हणजे वेळेची नोंद राहते. हे का, तर रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातला हिशोब असा आहे. चूक ना तुमची ना बँकेची, तर तीन कामाच्या दिवसांत कळवल्यास तुमची जबाबदारी शून्य. पण ओटीपी वगैरे तुमच्याकडूनच गेला असेल, तर कळवण्याच्या क्षणापर्यंतचं सगळं नुकसान तुमचं आणि त्या क्षणानंतरचं बँकेचं. काका दुसऱ्या प्रकारात येतात. त्यामुळे त्यांचा मेल ८:४० ला गेला आणि ९:०५ ला अजून एक व्यवहार झाला, तर तो बँकेच्या माथी. मेल सकाळी गेला तर काकांच्या. "उद्या शाखेत जाऊन मॅनेजरशी बोलतो" हे आपल्या वडिलधाऱ्यांचं ठरलेलं उत्तर असतं, ते या नियमापुढे महागात पडतं.

तिसरं, १९३० वरून एसएमएसने पोचपावती क्रमांक येतो. त्यावरून चोवीस तासांत cybercrime.gov.in वर तक्रार पूर्ण करायची. हे पोर्टल २०१९ मध्ये सुरू झालं. इथे लोक कादंबरी लिहितात. तसं करू नका. वेळेनुसार लिहा: अमुक वाजता अमुक नंबरवरून मेसेज, अमुक वाजता फोन, अमुक नावाचं अॅप, मग तीन व्यवहार यूटीआरसकट. मेसेजचा स्क्रीनशॉट, कॉल लॉग, बँकेचं स्टेटमेंट जोडा. आणि कृपा करून घरातल्या हुशार भाच्याला फोन फॉरमॅट करू देऊ नका! ते अॅप, तो मेसेज हाच पुरावा आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्याच्या नमुन्यात फाइलची हॅश लिहायची असते. आपल्यासारख्यांना हे एका ओळीचं काम आहे:

```
sha256sum statement.pdf
```

निघालेली लांबलचक ओळ तारखेसकट जपून ठेवा, नंतर फाइल बदलली नाही हे दाखवता येतं.

चौथं, एफआयआर. पोर्टलवरची तक्रार म्हणजे आपोआप एफआयआर नव्हे, हा गोंधळ सर्रास होतो. काकांनी पोचपावती घेऊन कोथरूड पोलीस ठाण्यात जायचं. शिवाजीनगरला शहराचं सायबर पोलीस ठाणं आहे, पण "तिकडेच जा" हे उत्तर ऐकून परतायचं कारण नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवावी लागते आणि एफआयआरची प्रत फुकट द्यावी लागते. नकार मिळाला तर त्याच कलमाखाली पोलीस उपायुक्तांना लेखी कळवायचं आणि तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. एफआयआरमध्ये ६६सी, ६६डी आणि ३१८(४) ही तिन्ही आहेत का बघायचं. अॅपमधून परवानगी नसताना फोनमध्ये शिरला म्हणून ६६ सुद्धा.

पकडला कोण जाईल? खरं सांगायचं तर बहुधा तो फोनवरचा आवाज नाही. ज्याच्या नावाचं खातं भाड्याने दिलं होतं तो, किंवा एटीएममधून नोटा काढणारा. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला, ९४ कोटी गेले. त्या प्रकरणात एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टाने ११ जणांना दोषी ठरवलं, तेही क्लोन केलेली कार्डं घेऊन एटीएमवर गेलेले लोक. सर्व्हरमध्ये शिरणारे नव्हेत.

रोखलेले १ लाख ६० हजार आपोआप परत येत नाहीत, ते त्या बँकेत अडकून असतात. बहुतेक वेळा ते सोडवायला मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करावा लागतो, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली. पोलिसांचा अहवाल आला की कोर्ट आदेश देतं. अर्जात रोखलेल्या खात्याची बँक आणि नेमकी रक्कम लिहायची, आणि हे दोन्ही तपास अधिकाऱ्याकडून आधी मागून घ्यायचं.

आणि राहिलेले २ लाख ४० हजार? तिथे मंत्रालयाचं दार. काकांचा पासवर्ड वापरला गेला म्हणून कलम ४३, आणि पैसा उतरलेल्या बँकेने ती खाती कशी उघडली याबद्दल त्या बँकेला प्रतिवादी करायचं. निष्काळजी कंपनीसाठीचं ४३ए हे कलम २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने वगळायचं ठरलेलं आहे, तेव्हा अर्जाच्या दिवशी ते लागू आहे का हे वकिलाला विचारून घ्या. २००३ च्या नियमांत फी आहे: एक लाखावरच्या दाव्याला ५ हजार अधिक एक लाखावरच्या रकमेचे दोन टक्के. म्हणजे काकांना ५,००० आणि १ लाख ४० हजारांचे दोन टक्के २,८००, मिळून ७,८०० रुपये, वर अर्जाचे किरकोळ पन्नास. त्याच नियमांत निकाल शक्यतो चार महिन्यांत आणि एकूण सहा महिन्यांत द्यावा असं लिहिलंय. पूना ऑटोचा अर्ज २०११ चा होता, निकाल २०१३ चा. तेवढी तयारी ठेवून अर्ज करावा, आणि अर्जात पहिली मागणी ही करावी की उतरलेल्या खात्यांचे उघडतानाचे कागद बँकेने हजर करावेत.